तिसरी जाऊ

घरच्या लॉन्ड्रीतली थोरली जाऊ वीस वर्षं कपडे रंगांप्रमाणे निवडत आली होती. धाकटीनं मशीनमध्ये कपड्यांबरोबर टाकायचे, सुटलेला रंग टिपणारे कागद आणले आणि सासूबाई धाकटीचेच गोडवे गाऊ लागल्या. थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

एकदा धाकटीनं कागदाच्या भरवशावर नवी लाल चादर पांढऱ्या सुती शर्टांबरोबर मशीनमध्ये कोंबली. कागद लालभडक झाला, पण शर्टही गुलाबी निघाले.

“जाऊबाई, वाळत घालू?”

“खुळे, वाळले की डाग पक्के!” आतून खूश होत थोरलीनं ते ओलेच ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात सहा तास भिजवले. शर्ट पुन्हा पांढरेशुभ्र झाले.

सासूबाईंनी कागद उचलला. “केवढा रंग प्यायला गं! यानंच वाचवले शर्ट.”

थोरली कागदाकडे अशी बघत राहिली, जणू घरात तिसरी जाऊ आली होती.