उद्याच्या पंपाची जाहिरात

प्रणालीला एका जागी बसवत नसे, आणि त्या आठवड्यात तर अजिबातच नाही. तेल्हाऱ्याच्या कुलदीपभाऊंच्या कृषी दुकानाची जाहिरात तिच्याकडे होती. आधी शहरातल्या कंपनीने गाण्याबिण्याचा भला मोठा व्हिडिओ पाठवला होता. हिवरखेडच्या शेतात तो उघडता उघडत नसे, पडद्यावर नुसतं चाक फिरे.

प्रणालीने तो बाजूला टाकला. पंपाचा एक हलका फोटो घेतला आणि आपल्याच आवाजात निरोप भरून गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत टाकला: "राम राम! फवारणीच्या पंपाची दांडी मारून मारून हात दुखून राहिले ना? उद्या हिवरखेडच्या बाजाराजवळ बॅटरीवरचा पंप चालवून दाखवतो. नक्की या."

झालं, पोरगी खुशीत होती. पण दुसऱ्या दिवशी जेमतेम चार माणसं आली. कुलदीपभाऊ तडकले. "मले वाटलंच होतं. तो व्हिडिओच बरा. एक डाव अजून पाहतो, मंग तुह्याकडचं काम बंद."

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी प्रणालीला फोन आला. "बाई, मी वामनराव बोलून राहिलो. आमी बाजाराजवळ उभे हाओ. पंप कुठं हाय?"

"पण काका, पंप तं परवाच दाखवला!"

"परवा? तुमी उद्या म्हनलं. मी तं काल रात्री आयकलं."

आता प्रणालीच्या ध्यानात आलं. शेतात रेंज नाही, डेटा वाचवायला कोणी निरोप लगेच उतरवत नाही. गावात आल्यावर ऐकतात आणि पुढच्या ग्रुपात ढकलतात. ज्याने जेव्हा ऐकलं, त्याचा उद्या तेव्हापासून सुरू. तारीख बोलायची साधी अक्कल तिला सुचली नव्हती. तिने आपला निरोप खोडला, पण पुढे गेलेले थोडेच परत येतात?

आज पुन्हा पंप दाखवणार, असा तारीख-वार सांगून तिने नवा निरोप धाडला. मग दुकानात जाऊन पंप स्कुटीला बांधला.

"काहून जातं? येतील ते दुकानात," कुलदीपभाऊ म्हणाले.

"माह्या आवाजावर आले ते. मले जावंच लागते."

बाजाराजवळ वामनरावांसोबत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकाही होत्या, मजुरी बुडवून आलेल्या. प्रणालीने माफी मागितली, टाकीत साधं पाणी भरलं आणि पंप पाठीवर घेतला. एक बाई, सुभद्रा, पुढे येऊन तिला निरखू लागली. प्रणालीला वाटलं, आता ही चारचौघांत सुनावणार.

"तुमीच का त्या फोनातल्या?"

"हो. चूक झाली मावशी."

"दोन दिस झाले, मी रोज येऊन जातो. कंपनीचा मानूस बोलला असता तं कालच शिवी देऊन घरी बसली असती. आपल्यातली पोरगी म्हनते, मंग येईनच म्हनलं." तिने पंपाचा पट्टा स्वतःच्या खांद्यावर ओढला. "पन आता खोटी नको पडू व बाई."

प्रणालीने पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसवून दिला. बाजूला वामनरावांच्या फोनवर कोणीतरी नव्याने पाठवलेला तिचाच जुना निरोप वाजत होता: उद्या, नक्की या. तिने त्याच जागेवर उद्याही यायचं ठरवलं, आणि परवाही.