चांगुणाबाईंचे चार फास्टनर

चांगुणाबाईंनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये अकरा वर्षं कपडे वाळवायचे स्टँड डब्यात भरले. बाल्कनीच्या छताला टांगायचे, सहा नळ्यांचे. प्रत्येक नळीला तिची दोरी, तिच्या कप्प्या. शेड बंद पडली तेव्हा त्यांनी ड्रिल मशीन घेतलं, आणि जे भरत होत्या तेच बसवायला लागल्या. एकेका घरात त्यांना लोक बोलावत. सबंध इमारतीचं काम मात्र अजून कुणी दिलं नव्हतं. बाईमाणसाच्या हातात ड्रिल आणि वर छत, एवढ्यावरच लोक अडायचे.

जुळे सोलापुरातल्या सोळा फ्लॅटच्या इमारतीनं बोलावलं तेव्हा घटस्थापना बारा दिवसांवर होती. घरोघर दसरा काढायचा, म्हणजे घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुवायचं. सेक्रेटरी सिद्धलिंग यांच्या बाल्कनीत गेल्या वर्षी याच धुण्याला स्टँड खाली आला होता. छताला चार भोकं तशीच होती.

"डब्यावर चाळीस किलो लिहिलं होतं," सिद्धलिंग म्हणाले. "तरी पडला. आता तुमचा का पडणार नाही?"

"वर काय टाकलं हुतं?"

आतून त्यांच्या आई मायाक्का आल्या. "चादरी. अकरा. हातानं धुतलेल्या, न पिळता."

चांगुणाबाईंनी एक जाड सोलापुरी चादर बादलीत बुडवून आणायला लावली आणि पिशवीतल्या वजनकाट्याला अडकवली. साडेचार किलो.

"अकरा म्हंजे पन्नासच्या घरात, आक्का. चाळीस सगळ्या नळ्यांचे मिळून हायत. एका नळीच्या वाट्याला साडेसहा. आन् तुमी दोन-दोन टाकल्या."

"मग दोष आमचाच की काय?" सिद्धलिंग चिडले.

"निम्मा." त्या शिडीवर चढल्या, बोटानं छत वाजवलं. डबडब आवाज आला. "ही स्क्रू धरायची प्लॅस्टिकची गुट्टी नुसत्या गिलाव्यात हुती. भिंतीवरच्या फोटोला चालती. छताला वजन खाली वडतंय, गुट्टी गिलावा घेऊन येणारच. आन् पडलेल्या स्टँडची ही दोरी बगा." सुताची दोरी चुरगाळताच तिचे तंतू बोटांत आले. "ओल आन् आपलं ऊन. तवा पडला नसता तर पुढं पडला असता."

पॉलिएस्टरची विणलेली दोरी त्यांनी पिशवीतून काढली. ती पाण्यानं कुजत नाही, नायलॉनसारखी ओझ्यानं ताणली जात नाही, उन्हातही टिकते. मग लोखंडी फास्टनर, गिलाव्यापलीकडे स्लॅबमध्ये जातील एवढे लांब, आवळले की आत फुगून घट्ट बसणारे. स्टँड छताला धरणाऱ्या दोन लोखंडी कंसांना मिळून चार.

चौथं भोक मध्येच अडलं. आत सळई लागली होती.

"तीनवरच बसवा की," खालून सिद्धलिंग म्हणाले. "तीन भोकं तर नीट झालीत."

"तीनवर चौथ्याचं वजन यील. मी तितं खोटं काम करणार न्हाय." चांगुणाबाईंनी दोन्ही कंस बाजूला सरकवले, सगळी भोकं नव्यानं घेतली, सळईपासून दूर. रबरी फुग्यानं आतली धूळ उडवली, फास्टनर बसवले, पान्यानं आवळले. जुनी भोकं सिमेंटनं बुजवली, नव्या दोऱ्या ओवून नवा स्टँड टांगला.

"आता लोंबकळून दाखवा," सिद्धलिंग म्हणाले.

"माणूस झोका देतंय सायेब, चादर न्हाय. वजन टांगून बगू."

सहा नळ्यांना पाच-पाच लिटरचे पाण्याचे सहा कॅन बांधले. प्रत्येक नळीखाली भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. सकाळी दहाची वेळ होती. "संध्याकाळी येते," म्हणाल्या आणि गेल्या.

दिवसभर इमारतीतल्या बायका येऊन रेघा पाहून गेल्या. चौथ्या मजल्यावरच्या चैतालीनं तर नळी हळूच दाबूनही पाहिली. मायाक्कांनी तिचा हात झटकला. "परीक्षा चालू हाय, पोरी!"

सहाला चांगुणाबाई आल्या. रेघेच्या खाली एकही नळी नव्हती. कॅन उतरवले, आणि मायाक्कांनी त्या सकाळी धुतलेल्या सहा ओल्या चादरी एकेका नळीवर एकेक पसरल्या. उरलेल्या पाच बादलीतच ठेवल्या. मग एका हातानं दोरी ओढली. चादर भरभर छताकडे चढली, त्यांनी दोरी खिळ्याला अडकवली. दुसरी, तिसरी. सहाही वर. खाली टपटप पाणी गळत होतं आणि मायाक्का हसत होत्या.

"सिद्धलिंगा, असा फिटर कुटं हुता रं इतके दिवस?"

सिद्धलिंगांनी फोन काढला. इमारतीच्या ग्रुपवर एक फोटो गेला, खाली एक ओळ: आपल्या सर्व बाल्कन्यांचं काम चांगुणाबाई करतील.

"घटस्थापनेच्या आधी पंधरा घरं होतील का?" त्यांनी विचारलं.

"रोज दोन केली तर व्हत्यात. गडबड करणार न्हाय, आन् वजनाची परीक्षा चुकवणार न्हाय."

"चालेल. उद्या पहिलं कुणाचं?"

"माझं!" जिन्यातून चैताली ओरडली.

चांगुणाबाईंनी मशीन पिशवीत घातलं. शिडी उचलायला वाकल्या, तर सिद्धलिंगांनी ती आधीच खांद्यावर घेतली होती आणि ते चौथ्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागले होते.