केवायसी आणि बाबांचा अंगठा

बँकेचा पहिला मेसेज आला तो मीच पुसला. ‘केवायसी’ दिसलं की पुसायचं, अशी बाबांना माझी सक्त ताकीद होती. ते म्हणालेसुद्धा, “अगं, वाच तरी. लिंक-बिंक काही नाही, शाखेत या म्हणताहेत.” मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. “लोक कसे लुटले जातात ते पेपरात वाचता ना? मग गप्प बसा!” त्यानंतर आलेले मेसेज त्यांनी मला दाखवलेच नाहीत. माझ्या धाकाने स्वतःच पुसून टाकले.

बाबांनी कागद मिलच्या स्टोअरमध्ये जन्म घालवला. खालीवर दोन रेघा मारलेली त्यांची वळणदार सही झाल्याशिवाय स्टोअरमधून एक खिळा बाहेर जात नसे. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्यांना सोडून कुठे जायचं म्हणून आई आपल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत राहिली. शेवटी बाबांनीच हट्ट धरला आणि गुरुवार ठरवला. मी पैसे भरते म्हटलं तर भडकले. “तिच्या डोळ्यांचं मी करणार. तू मध्ये पडू नको.”

सोमवारी आईला तपासणीसाठी नेलं. आगाऊ पैसे भरायला बाबांनी दिलेलं कार्ड काउंटरवर चाललं नाही. एटीएममध्येही तेच. आईला रिक्षात बसवून घरी धाडलं आणि मी तणतणत बँकेत गेले.

“पैसा तो आ रहा है, निकल नहीं सकता,” मॅनेजरबाईंनी खातं उघडून सांगितलं. “केवायसी की तारीख निकल गई.”

“अहो, दरवर्षी हयातीचा दाखला देतो की आम्ही! आणखी काय पाहिजे?”

बाई चिडल्या नाहीत. हयातीचा दाखला पेन्शनसाठी असतो, म्हणाल्या. केवायसी खातेदाराच्या ओळखीचं आणि पत्त्याचं, ते काही वर्षांनी नव्याने द्यावं लागतं. पत्रंही पाठवली होती त्यांनी, पण बँकेत अजून मिलच्या क्वार्टरचाच पत्ता. क्वार्टर सोडून आम्ही राजपुऱ्यात राहायला आलो तेव्हा आधारवर पत्ता बदलला, बँकेत कळवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. रागवायला आले होते, आणि चूक सगळी आमच्या घरची. खरं तर माझी.

“ते उठू शकत नाहीत हो,” मी म्हटलं. बाई म्हणाल्या, वयस्कर आणि आजारी लोकांकडे आम्हीच जातो. मूळ आधार, पॅन, त्यांच्या झेरॉक्स आणि एक फोटो तयार ठेवा.

मंगळवारी दुपारी त्या घरी आल्या. आई शेजारच्या खोलीत पडली होती. बाईंनी मूळ कागद पाहिले, झेरॉक्सशी ताडून पाहिले, फॉर्ममध्ये नवा पत्ता लिहिला आणि बाबांना वाचून दाखवला. मग बाबांनी डाव्या हातात पेन धरला. पाटीवर गिरवणाऱ्या पोरासारखे रेघ ओढत राहिले, घाम फुटला. बाई हळूच म्हणाल्या, “बाबूजी, दस्तखत नहीं मिल रहे. अंगूठा लगा दीजिए.”

बाबांनी पेन खाली ठेवला. मला वाटलं, आता फॉर्म भिरकावतात. “गुरुवारपर्यंत होईल ना?” एवढंच त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या, तेव्हा त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर मी दाबला. मी! साक्षीदार म्हणून बाईंनी सही केली आणि त्याच शाखेत खातं असलेल्या शेजारच्या काकांनी. काकांनी बाबांकडे पाहायचं टाळलं.

बुधवारी सकाळी शाखेतून फोन आला, खातं सुरू झालं. मी आधी एटीएमवर जाऊन खात्री केली, मग दवाखान्यात पैसे भरले. गुरुवारी आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

शुक्रवारी पट्टी काढून तिला घरी आणलं. ती तशीच बाबांच्या खाटेशी गेली. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मोतीबिंदूमुळे वाकडं झालेलं ते तोंड तिला आजवर धड दिसलंच नव्हतं. तिने हनुवटीला धरून ते आपल्याकडे फिरवलं, खूप वेळ पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेतला. नखाच्या कडेला शाई तशीच होती.

“हे काय? तुम्ही अंगठा दिला?”

“माझ्यामुळे, आई,” मी म्हटलं आणि रडू आवरेना.

आईने पदराचं टोक ओलं केलं, अंगठा पुसायला लागली. बाबांनी हात काढून घेतला.

“राहू दे,” ते म्हणाले. “तुला दिसला ना?”