तोताराम नानांची अदबशीर नोटीस

धरणगावच्या जिनिंग कारखान्यात तोताराम नाना बावीस वर्षं कारकून होते आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाला तोडून म्हणून लिहिलं नव्हतं. शिव्या द्यायला शेठ होते, त्या कागदावर गोड करून उतरवायला नाना.

त्या साली शेठनी विहिरीवर इंजिनाचा पंप बसवला. मग पिंपाच्या गाडीनं पाणी आणणारा झुलाल कशाला हवा? त्याचा करार मार्चअखेर संपत होता. पण कलम असं, की संपण्याआधी एक महिना लेखी नोटीस हातात देऊन पोच घ्यायची, नाही तर करार आपोआप आणखी एक वर्ष चालू. हे कलम नानांनीच लिहिलेलं.

नोटीस लिहायला नानांना नऊ दिवस लागले. 'आपल्या सेवेबद्दल कारखाना ऋणी आहे. कराराच्या अटीनुसार एक महिन्याची आगाऊ सूचना देऊन सविनय कळवितो, की मुदतीनंतर करार पुढे चालविणे शक्य होणार नाही.' आधी 'शक्य नाही' लिहिलं होतं, ते त्यांना फार उर्मट वाटलं. अहो, पाणी पाजणाऱ्या माणसाला असं लिहितात का?

अठ्ठावीस फेब्रुवारीला, शेवटच्या दिवशी, नाना नोटीस घेऊन झुलालच्या दारात गेले. वाईट बातमी माणसाच्या घरी जाऊन द्यावी, हा त्यांचा हट्ट. झुलालच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, आधी भाकरी-भरीत वाढलं. जेवणाऱ्यानं असा कागद काढायचा कसा? हात धुऊन त्यांनी तो वाचून दाखवला. झुलालनं सगळं नीट ऐकलं, अंगठाही पुढे केला आणि मागे घेतला.

"नाना, आज आवस शे. आवसले कागद हातमा लेतस नही. सकाय या."

नानांना हे पटलं. अमावास्येला कुणाच्या हातात काय द्यायचं? ते दुसऱ्या दिवशी गेले, एक मार्चला. झुलालनं अंगठा दिला, तारखेसकट. करार वर्षभर वाढला.

आता झुलाल रोज कारखान्याच्याच पंपावर पिंप भरी, गाडी वीस पावलं हाकी आणि कारखान्याच्याच टाकीत ओती. बैलांनाही हसू येत असेल.

शेठ पेटले. नानांचा स्वतःचा करार तीस एप्रिलला संपत होता, कलम तेच. "तुमचीही नोटीस तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं गोड कुणाला येतं!"

नानांचं घर त्या पगारावर चालत होतं. तरी त्यांनी लिहिली, बावीस वर्षांत इतकी सुंदर लिहिली नव्हती. तीस मार्चला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शेठनी सही करून ती त्यांच्यापुढे सरकवली. पोच द्यायला दौत-टाकही.

नानांनी टाक उचलला, कोपऱ्यातल्या पंचांगाकडे पाहिलं आणि टाक परत ठेवला.

"शेठ, आज अमावास्या. उद्या पाडवा आहे, शुभ दिवशी घेतो."

बाहेर झुलाल टाकीत पाणी ओतत होता.