बाळाचार्यांची उत्तर

आमच्या शेजारचे बाळाचार्य म्हणजे धारवाडातली निम्मी घरं सरळ उभी करणारा माणूस. पाया खणण्याआधी दिशा तेच काढून देत. जमिनीवर वर्तुळ, मधोमध लाकडी खुंटी, तिला ते शंकू म्हणत. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं की एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकलं की दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिला काटकोनात उत्तर. गवंडी चुंबकाची सुई घेऊन आला की आचार्य म्हणत, "ती सुई खिशातल्या चावीकडेसुद्धा बघते."

अशा माणसाचा मुलगा वादिराज आगबोटीवर वीजकामाला लागला. समुद्र ओलांडला, म्हणून आचार्यांनी बोलणं टाकलं. त्याच्या हातचं पाणी घेणार नाही, असंही म्हणून ठेवलं. त्याची आई, गोदूबाई, तीन वर्षं त्याच्या वाटचं ताट वाढून झाकून ठेवायच्या. मग एका थंडीत बातमी आली, बोट गोव्याच्या मुरगाव बंदरात एक दिवस थांबणार. तिथून ती आफ्रिकेला जायची होती आणि वर्षभर परतणार नव्हती.

गोदूबाईंनी मला बोलावलं. "बाबाजी, यांना घेऊन जा. बोलले नाहीत तर तू बोल, पण घेऊन जा."

गाडीत आचार्य मला बजावत होते, "मी बोट बघायला चाललोय. त्याला नाही." पिशवीत शंकू होताच. लग्नाला जातानाही तो बरोबर असायचा, मग मुरगाव काय!

सकाळी धक्क्यावर पोचलो. वादी धावत आला, वाकला. आचार्य माझ्याकडे वळले. "त्याला विचार, एवढ्या समुद्रात उत्तर कशी सापडते."

मी पोस्टमन झालो; वादीही मग माझ्याशीच बोलत राहिला. वादीनं आम्हाला बोटीच्या पोटात नेलं. एका पेटीत काहीतरी घोंघावत होतं.

"काका, आत जड चाक विजेवर गरगर फिरतंय. फिरतं चाक आपल्या आसाची दिशा सोडत नाही. पण खाली पृथ्वी फिरते, त्यामुळे आस हळूहळू कलल्यासारखा होतो. खाली लावलेलं वजन त्याला सपाट करायला ओढतं, आणि फिरत्या चाकाला असं ओढलं की ते ओढीच्या दिशेनं न जाता बाजूला वळतं. वळत वळत त्याचा आस पृथ्वीच्या आसाच्या दिशेला लागला, की मग कलणं उरत नाही. तीच खरी उत्तर. चुंबकाचा इथे संबंध नाही."

"त्याला विचार, सुईनं काय घोडं मारलंय."

"सुई चुंबकी ध्रुवाकडे बघते, काका, आणि तो पृथ्वीच्या आसाच्या टोकावर नाही. काही समुद्रांत फरक चांगलाच पडतो. शिवाय ही सगळी बोट लोखंडी. सुईच्या चुका मोजून ठेवाव्या लागतात. पण वीज गेली की हे यंत्र झोपतं, मग त्या मोजलेल्या चुका हिशेबात धरून सुईवरच चालायचं."

मी हळूच खिशातली शाळकरी चुंबकसुई काढून कठड्यावर ठेवली. ती भलतीकडेच बघू लागली. आचार्यांना इतका आनंद मी क्वचित पाहिला.

तेवढ्यात पेटीवरची आकड्यांची तबकडी मात्र सरकली. आचार्यांनी तत्काळ पकडलं. "ही तर झोके घेतेय. बाबाजी, याची उत्तर दारू प्यालीय."

"आत्ताच चालू केलंय, काका," वादीचा चेहरा पडला. "ते इकडे जातं, तिकडे जातं, दर खेपेला थोडं कमी. बसायला काही तास लागतात."

"सुम्म इरू," आचार्य मला म्हणाले, म्हणजे गप्प बस. मी गप्पच होतो. ते उतरले आणि धक्क्यावर वर्तुळ आखून बसले. हमाल वळसा घालून जाऊ लागले. वादी वरून बघत होता. जेवणाचा डबा त्याच्या हातात तसाच.

दुपार कलली. सावली वर्तुळाला पुन्हा टेकली. आचार्यांनी उत्तरेची रेघ मारली आणि तिच्यावरून नजर लावली. खाडीपलीकडे एक एकटा माड त्या रेघेत आला.

"त्याला विचार, त्याचं यंत्र त्या माडाला काय म्हणतं."

बोटीवरच्या अधिकाऱ्यानं वर यायची परवानगी दिली. पेटीतल्या यंत्राचं सांगणं तारेनं वर एका तबकडीवर यायचं. ती आता शांत होती. वादीनं तबकडीवरून माडावर नजर धरली आणि बाजूला झाला. आचार्य वाकले. आकडा शून्य, म्हणजे थेट उत्तर.

ते बराच वेळ वाकूनच राहिले. मला वाटलं, कंबर धरली.

"खुंटीशिवाय," ते पुटपुटले. मग तबकडीवर हात ठेवून, "समुद्रात हे तुला आपलं घरही दाखवतं का रे?"

मी वादीकडे वळून विचारणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"उत्तर तेवढी दाखवतं, अप्पा," वादी म्हणाला. "घर कुठे ते माझं मीच काढतो. रोज."

आचार्य उन्हात बसून बसून तांबडे झाले होते. ते तिथल्याच स्टुलावर टेकले.

"वादी, घसा कोरडा पडलाय. पाणी आण."

रात्री परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. पिशवी चाचपली तर शंकू नव्हता. मी ओरडणार, तोच म्हणाले, "दिलाय. वीज गेली तर काय करणार पोरगं?"

गोदूबाईंना मी एवढंच सांगितलं, की आज त्याचं ताट झाकू नका, आचार्य त्याच्या हातचं पाणी प्यालेत.