शेवटचा बदल कोणाचा

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले. त्याआधीची अनेक वर्षे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवण्यात गेली होती. नव्या कार्यालयात मी बोलण्याचे टाळत असे. माझ्या निम्म्या वयाची मुले मला मॅडम म्हणत आणि त्या संबोधनाने मी अधिकच आक्रसून जाई.

शेजारच्या खुर्चीवर बसणारी मात्र मला ताई म्हणे. ती मूळची काटोलकडची. जवळच्या बेसा वस्तीत भाड्याच्या खोलीत राहत असे आणि सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करत असे. तिचा परिवीक्षेचा काळ संपत आला होता. त्या महिन्यात ती कायम होणार की नाही, हे ठरायचे होते.

आमचे सगळे काम ट्रॅकरवर, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या एका प्रणालीवर, चाले. प्रत्येक दोषाचे, प्रत्येक कामाचे तिथे एक तिकीट असे. ग्राहकाच्या तिमाही बैठकीपूर्वी व्यवस्थापकांनी त्या तिकिटांची तपासणी माझ्याकडे सोपवली. ‘तुम्ही बारकाईने वाचता,’ ते म्हणाले. इतक्या दिवसांत कोणी माझ्याविषयी काही चांगले बोलले, ते हे पहिलेच.

मी खरोखरच बारकाईने वाचले. काही तिकिटांवर जबाबदार व्यक्तीचे नाव नव्हते, काहींवर प्राधान्य नव्हते. काही अनाथ होती, म्हणजे ज्या मोठ्या कामाखाली ती उघडली होती ते काम कोणीतरी पुसून टाकले होते, आणि ही कुठेच न जोडलेली पडून राहिली होती. सर्वांत वाईट होती ती ‘पूर्ण’ अशी स्थिती दाखवणारी, पण चाचणीच्या निकालाची जागा रिकामी असलेली तिकिटे. ती सदतीस निघाली.

माझ्याकडे यादी मागितली होती, तिकिटांतल्या त्रुटींची. मी तिला आपण होऊन आणखी एक रकाना जोडला : शेवटचा बदल कोणाचा. प्रत्येक तिकिटाचा इतिहास उघडून मी तो भरला. साधन, म्हणजे मूळ पुरावा, दिल्याशिवाय विधान करू नये, ही इतिहास शिकवतानाची माझी जुनी सवय. सदतीसपैकी चौतीस ठिकाणी शेजारणीचे नाव आले.

ते का आले, हे मला ठाऊक होते. तिकीट ‘पूर्ण’ करण्याची परवानगी फक्त तपासणाऱ्यांना असे. ग्राहकाला दिसणाऱ्या फलकावर अपूर्ण तिकिटे उरू नयेत म्हणून दर शुक्रवारी त्याचा फोन येण्याआधी आमचा टीम लीड तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राही.

‘चल वं, फलक साफ कर. सोमवारी तपासून घेजो.’

‘सोमवारी तुम्ही दुसरं काम देता ना गा! मंग तपासू कवा?’

‘अरे, होते ना. तू लई टेंशन घेते.’

ती हसे, सगळी तिकिटे एकदम निवडे आणि एका फटक्यात त्यांची स्थिती बदले. अशी एकगठ्ठा स्थिती बदलली की ट्रॅकर चाचणीचा निकाल मागत नसे. सोमवारी काही तपासून होत, काही राहून जात.

बैठकीत पडद्यावर माझी यादी होती. व्यवस्थापकांनी नेमका तो रकाना क्रमाने लावून घेतला आणि तिचे नाव एकाखाली एक असे उतरत गेले. त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने लीडकडे पाहिले. लीड वहीत काही लिहीत होता. मग तिने माझ्याकडे पाहिले. एक वाक्य पुरेसे होते, ते माझ्या मनात व्यवस्थित जुळूनही आले होते, आणि मी ते पुन्हा पुन्हा जुळवत असतानाच बैठक संपली.

चार दिवसांनी तिला कायम न करण्याचे पत्र मिळाले. खाली बसथांब्यावर मी तिला गाठले. व्यवस्थापकांना सगळे लिहून कळवते, असे म्हणाले.

‘आता काय लिहिता, ताई? तवा बोलाले काय झालं होतं?’

मी पत्रात काय लिहिणार ते सांगू लागले.

‘जाऊ द्या. खोटं त काही लिहिलं नाही तुम्ही,’ ती म्हणाली आणि आलेल्या बसमध्ये चढली. ती रागावून बोलली असती तर मला सोसणे सोपे गेले असते.

पत्र मी त्याच संध्याकाळी पाठवले. शुक्रवारची पद्धत, लीडचे सांगणे, सगळे मांडून. उत्तर सकाळी आले : नोंद घेतली, तपासणीचा तक्ता उत्तम आहे, इतर प्रकल्पांसाठीही हाच वापरावा.

दुपारपर्यंत तिचे खाते बंद झाले आणि तिची उघडी अकरा तिकिटे माझ्या नावावर आली. मी पहिले उघडले. दोष कसा घडतो त्याच्या पायऱ्या, अपेक्षित काय, दिसते काय, प्राधान्य, जोडलेले चित्र. एकही जागा तिने रिकामी सोडली नव्हती. दुसऱ्यातही नाही. मग मी तिसरे उघडले.