बाराशेचा रकाना

आमच्या कारखान्यातल्या रोखपाल बाईंना सगळे पाठीमागे ‘कात्री’ म्हणत, कारण त्यांच्या खिडकीतून एकही प्रवासबिल धडधाकट बाहेर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. परगावी यंत्र दुरुस्त करून आलेला फिटर भीतभीतच तिथे उभा राहिला. त्याने उचल घेतली होती आठ हजार आणि तिकिटं, हमाली मिळून पावत्या होत्या अडीच हजारांच्या. जेवणावर बाराशे गेले होते, पण त्याची पावती एकही नव्हती, म्हणून तेवढे बायकोकडून घेऊन त्याने उरलेले साडेपाच हजार रोख पुढे ठेवले.

“तीन दिवस उपास केलात?” बाईंनी विचारलं.

“जेवलो मॅडम, पण पावत्या नाहीत.”

“मी मागितल्या? दिवसाला चारशे भत्ता ठरलेला आहे. हा रकाना काय शोभेला छापलाय?”

त्यांनी रकाना भरून घेतला. खर्च झाला सदतीसशे, परत करायचे राहिले त्रेचाळीसशे. तेवढ्याची पावती फाडून त्यांनी बाराशे त्याच्याकडे सरकवले.

“बायकोचे होते हो हे. फार उपकार झाले, मॅडम.”

“उपकार कसले, नियम आहे. सही करा.”

त्याने इतकी सुबक सही केली, की तशी लग्नाच्या नोंदणीतही केली नसेल.